आयबीएस आणि ऑफिसचं रोस्टर: मॅनेजरकडे सवलत मागताना काय मागायचं, कसं मागायचं

आयबीएस हा आतड्याचा दीर्घकाळ चालणारा विकार, त्यात पोटात कळ येते आणि शौचाचं वेळापत्रक बिघडतं. तो असलेल्या माणसाला कामाच्या जागी दोन गोष्टी हव्या असतात, आणि त्या स्वभावाने एकमेकींच्या उलट आहेत. जेवणाची वेळ ठरलेली हवी, ती मागेपुढे ढकलली जायला नको. टॉयलेटला जाण्याची वेळ मात्र ठरवताच येत नाही, तिथे परवानगीवाचून लगेच उठता यायला हवं. बहुतेक अर्जांत या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत येतात, ‘ब्रेकमध्ये थोडी सवलत मिळावी’ अशा. मॅनेजर त्याचा अर्थ ‘हिला कधीही, कितीही वेळ उठायचंय’ असा लावतो, आणि रोस्टर ज्याच्या हातात असतं त्याला या वाक्याचीच सगळ्यात जास्त धास्ती असते. त्यामुळे मागणी लिहिताना पहिलं काम म्हणजे हे दोन धागे वेगळे करणं.

माझं काम फोनवरच्या ग्राहकसेवेचं, म्हणजे ही सवलत मिळायला सगळ्यात अवघड जागा. शिफ्ट सकाळी ९ ते संध्याकाळी ६. ब्रेक एकूण ६० मिनिटं: ११ वाजता १५, दुपारी जेवणाचे ३०, साडेचारला १५. जेवणाची वेळ कागदावर साडेबाराची, पण कॉलची रांग पाहून टीम लीडर ती अडीचपर्यंत कुठेही सरकवायचे आणि चॅटवर ‘आता जा’ असा निरोप टाकायचे. शिवाय आपण कॉल घेत आहोत की नाही ही स्थिती प्रत्येकाने सिस्टिममध्ये लावायची असते, त्यावरून कोण किती वेळ फोनपासून दूर आहे हे सिस्टिम मोजते, आणि कोणी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ जागेवर नसेल तर भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्याचं नाव लाल होतं. दुकानातला काउंटर, शाळेतला वर्ग, कारखान्यातली लाइन अशा कुठल्याही ‘बदली माणूस आल्याशिवाय हलायचं नाही’ प्रकारच्या कामात अडचण साधारण हीच असते, फक्त स्क्रीन नसते.

ही मागणी का टिकते ते समजायला शरीराची एक गोष्ट माहीत हवी. अन्न पोटात पडलं की मोठ्या आतड्याला आकुंचनाचा इशारा मिळतो. याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात आणि तो प्रत्येकाला असतो. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर त्याचा जोर जास्त, आणि जेवण जितकं मोठं आणि तेलकट तितका तो आणखी वाढतो. आयबीएसमध्ये आतडं या इशाऱ्याला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतं, आणि आतड्याच्या नसाही जास्त संवेदनशील असतात, म्हणून इतरांना जाणवतही नाही ती हालचाल इथे कळ बनून येते. आता रोस्टरकडे पाहा. सकाळी साडेसातला नाश्ता, मग अडीचला जेवण, म्हणजे मध्ये सात तास पोट जवळजवळ रिकामं. भूक लागलेली असते म्हणून अर्ध्या तासात भरपूर आणि भराभर जेवलं जातं, आणि तीनला पुन्हा हेडफोन. कळ येते ती पहिल्या-दुसऱ्या कॉलच्या मधोमध. इथे रोस्टर आणि रिफ्लेक्स एकमेकांवर आदळतात. जेवणं वेळच्या वेळी आणि थोडी थोडी झाली तर ही टक्कर बरीच कमी होते. आयबीएससाठी डॉक्टर जे पहिले सल्ले देतात, जेवण चुकवू नका, दोन जेवणांत मोठं अंतर ठेवू नका, सावकाश खा, त्यामागचं कारण हेच.

औषधाचंही गणित यात आहे. मेबेव्हरिनसारखी आतड्याची पेटके कमी करणारी गोळी जेवणाच्या साधारण २० मिनिटं आधी घ्यायची असते. जेवण कधी मिळणार हे ‘आता जा’ या निरोपावर अवलंबून असेल तर गोळी कधी घेणार? मॅनेजरला आतड्यांचं शास्त्र पटो न पटो, हा मुद्दा एका वाक्यात पटतो. वेळेची शिस्त असलेल्या माणसाला वेळेचंच कारण कळतं.

मागणीच्या आधी दोन आठवडे नोंद ठेवावी. वहीत किंवा फोनमध्ये पाच रकाने पुरतात: काय वाजता खाल्लं, काय वाजता घाई झाली, घाई किती होती (० ते ३, त्यात ३ म्हणजे थांबणं अशक्य), शौचाचा प्रकार, आणि जागेवरून किती मिनिटं दूर होतो. शौचाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात १ म्हणजे कडक खडे आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी, त्यामुळे एक आकडा लिहिला की काम भागतं, वर्णन करत बसावं लागत नाही. सगळी नोंद डॉक्टरांसाठी. मॅनेजरसाठी त्यातले दोनच रकाने काढायचे, वेळ आणि मिनिटं. ब्रिस्टलचा आकडा ऑफिसच्या मेलमध्ये कधीही जाऊ देऊ नये. तो एकदा गेला की परत घेता येत नाही, आणि निर्णय घ्यायला त्याचा उपयोगही नसतो.

नोंदीतून काय दिसायला हवं? घाईचे प्रसंग दिवसभर सारखे पसरलेले नसतात, त्यांचे गठ्ठे असतात. माझ्याकडे दोन गठ्ठे दिसले. एक शिफ्ट सुरू झाल्यावरचा पहिला तास, दुसरा उशिरा झालेल्या जेवणानंतरचा. ज्या दिवशी जेवण एकच्या सुमारास मिळालं त्या दिवशी दुसरा गठ्ठा लहान झाला किंवा दिसलाच नाही. मागणीचा खरा पुरावा हाच आहे, कारण यात मॅनेजर जे बदलू शकतो त्याचा परिणाम दिसतो. गठ्ठे दिसलेच नाहीत, सगळं विखुरलेलं असलं, तर जेवणाच्या वेळेची मागणी कमकुवत ठरते. तेव्हा टॉयलेटच्या मागणीवरच भर द्यावा.

नोंदीत रक्त, विनाकारण वजन घटणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असलं काही आढळलं तर अर्ज बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. ती लक्षणं आयबीएसच्या नावावर खपवायची नसतात.

यानंतर घड्याळ लावून टॉयलेटपर्यंतचं अंतर मोजावं. हे कोणी करत नाही, आणि माझ्या मागणीत सगळ्यात जास्त वजन याच आकड्याला आलं. माझी जागा हॉलच्या लांबच्या टोकाला होती. हेडफोन काढला, रांगेतून बाहेर पडलं, कार्डाचं दार उघडलं, मोकळी जागा ओलांडली, की एका बाजूने अडीच मिनिटं. जाऊन येऊन पाच मिनिटं नुसती चालण्यात. म्हणजे आत कितीही कमी वेळ गेला तरी पाच मिनिटांची मर्यादा ओलांडली जाणारच आणि नाव लाल होणारच. दाराजवळच्या टेबलावरून हेच अंतर ४० सेकंदांचं होतं, म्हणजे दोन्ही बाजूंचं मिळून दीड मिनिटाच्या आत. एका खेपेत साडेतीन मिनिटांहून जास्त वाचतात. दिवसाला तीन खेपा धरल्या तर ११ मिनिटं.

आता मागणीचा हिशोब. ६० मिनिटांचा ब्रेक तेवढाच ठेवून त्याचे तुकडे बदलायचे: ११ वाजता १५ मिनिटं, दीडच्या सुमारास २५, चार वाजता १०. झाली ५०. उरलेली १० टॉयलेटच्या खात्यात. दाराजवळच्या जागेवरून एक खेप सहा मिनिटांची धरली तर तीन खेपांची १८, म्हणजे गोळाबेरीज २०. त्यातली १० ब्रेकमधूनच आलेली, तेव्हा खरोखर जास्तीची मागणी दिवसाला १० मिनिटांची. फोनवर असायची वेळ ४८० मिनिटं, त्यातली १०. आणि जागा बदलल्याने ११ वाचतात. माझ्या मते मॅनेजरला भेटायला जाण्याआधी हा हिशोब एका चिठ्ठीवर तयार असेल तर अर्धी चर्चा टळते. आमच्याकडे वेळ पाळण्याची अट ९२ टक्क्यांची होती, म्हणजे ४८० मिनिटांत ३८ मिनिटांची सूट आधीपासून होतीच. अडचण एकूण मिनिटांची नव्हती, सलग पाच मिनिटांच्या लाल रंगाची होती. आपल्या जागी नेमका कुठला नियम आडवा येतो हे असं शोधून काढावं लागतं. कित्येकदा तो नियम लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो.

डॉक्टरांचं पत्र घेताना काय लिहून घ्यायचं हे आपणच सांगावं. डॉक्टरांना रोस्टर माहीत नसतं. ‘ताण टाळावा’, ‘हलकं काम द्यावं’ अशी वाक्यं ते सवयीने लिहितात आणि तीच घात करतात. एचआर ती वाचून विचारतं की मग ही व्यक्ती या कामाला योग्य आहे का, आणि चर्चा भलत्याच वळणावर जाते. ‘गरजेनुसार ब्रेक द्यावा’ हेही अपुरं, कारण गरज म्हणजे किती ते कोणीतरी विचारणारच. पत्रात चार गोष्टी पुरतात. पचनसंस्थेचा दीर्घकाळ चालणारा विकार आहे आणि उपचार सुरू आहेत. जेवण ठरावीक वेळी, चार तासांपेक्षा जास्त खंड न पडता व्हायला हवं. टॉयलेटला विनाविलंब जाता यायला हवं, सर्वसाधारण दिवशी दोन ते तीन वेळा, त्रास वाढलेल्या दिवशी जास्त. ही व्यवस्था सहा महिन्यांसाठी, त्यानंतर पुन्हा तपासणी. आजाराचं नाव घालायचं की नाही ते आपल्यावर. काही ठिकाणी कायदेशीर संरक्षणासाठी नाव लागतं, ते एचआरला आधी विचारून घ्यावं. औषधांची नावं, तपासण्यांचे रिपोर्ट यातलं काही जोडायची गरज नाही.

रिपोर्टवरून एक पेच हमखास पडतो. कोणीतरी विचारतं, ‘सगळे रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना, मग आजार कसला?’ आयबीएसमध्ये रिपोर्ट नॉर्मल येणंच अपेक्षित असतं. आतड्याच्या रचनेत बिघाड नसतो, त्याच्या कामात असतो. निदान लक्षणांच्या साच्यावरून होतं. रोम निकष नावाची पद्धत आहे, त्यात गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा त्याचं रूप बदलण्याशी संबंध, या तिन्हींपैकी किमान दोहोंशी, हे पाहतात. लक्षणांची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते. एवढं सांगता आलं तर बास. पुढचं डॉक्टरांचं पत्र बोलेल.

मेल आधी पाठवू नये, आधी भेटीची वेळ मागावी. लेखी मागणी थेट हातात पडली की मॅनेजर ती वाचण्याआधीच एचआरकडे ढकलतो आणि मग दोघेही एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसतात. पंधरा मिनिटं मागावीत, विषय सांगावा ‘माझ्या तब्येतीसंदर्भात रोस्टरमधला एक छोटा बदल’, आणि भेट झाल्यावर त्याच दिवशी मेल टाकावा. माझा मेल साधारण असा होता:

‘नमस्कार सर, आज बोललो त्याप्रमाणे लिहून ठेवते आहे. मला पचनसंस्थेचा दीर्घकाळचा विकार आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यासाठी तीन बदल हवे आहेत. एक, दुपारच्या जेवणाची वेळ सव्वा ते पावणेदोनच्या दरम्यान सुरू व्हावी आणि रांगेनुसार ती सरकवू नये. माझा ब्रेक एकूण ६० मिनिटांचाच राहील, फक्त विभागणी १५, २५, १० आणि उरलेली १० टॉयलेटसाठी अशी असेल. दोन, टॉयलेटला जाताना आधी परवानगी न मागता फोनची स्थिती बदलून जाता यावं. यासाठी ब्रेकबाहेरची साधारण १० मिनिटं रोज लागतील. तीन, बसण्याची जागा दाराजवळच्या रांगेत मिळावी. पुढच्या सहा आठवड्यांसाठी हे करून पाहू आणि शेवटी आकडे समोर ठेवून बोलू. आजाराची माहिती आपण आणि एचआर यांच्यापुरतीच राहावी ही विनंती.’

यात ‘समजून घ्याल अशी आशा’, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असलं काही नाही, आणि ते मुद्दाम गाळलेलं आहे. माफी मागितली की मागणी मेहरबानीच्या खात्यात जाते, आणि मेहरबानी मॅनेजर बदलला की संपते. ‘गेलेला वेळ मी संध्याकाळी भरून देईन’ असंही लिहू नये. चांगुलपणाने बरेच जण लिहितात. मग प्रत्येक खेपेला मिनिटांची उधारी चढत जाते, माणूस घाई असूनही रोखून धरतो, आणि रोखून धरल्याने कळ वाढते. भरपाई द्यायचीच असेल तर ती त्रास वाढलेल्या दिवसांसाठी वेगळी ठेवावी. त्याबद्दल पुढे सांगते.

भेटीत सर काय काय सुचवतील याचा अंदाज आधी बांधून ठेवलेला बरा, कारण सुचवलेल्या गोष्टी बऱ्याचदा ऐकायला उदार असतात आणि कामाच्या नसतात. आमच्या सरांनी पहिल्यांदा जेवणाची सुट्टी तासाची करून देऊ केली. नाही म्हणणं कृतघ्नपणाचं वाटतं, पण तासाची एकच सुट्टी म्हणजे एकच मोठं जेवण आणि आधी तेवढाच लांब उपास, म्हणजे पुन्हा तोच रिफ्लेक्स. मला लहान आणि जवळजवळचे ब्रेक हवे होते, लांब नव्हे. मग त्यांनी कमी रांग असलेली रात्रपाळी सुचवली. रांग कमी असते खरी, पण पाळी उलटीसुलटी झाली की जेवणाचं आणि झोपेचं घड्याळ बिघडतं आणि आतडं त्याच्यामागून बिघडतं. शेवटी ते म्हणाले, ‘तू मला चॅटवर फक्त कळवत जा, मी लगेच हो म्हणेन.’ सगळ्यात जास्त ताणून धरावं लागलं ते इथे. हो यायला दोन मिनिटं लागली तरी ३ नंबरच्या घाईत ती दोन मिनिटंही हातात नसतात, आणि ‘हो येईल ना’ या काळजीनेच पोटात पीळ पडायला लागतो. आतडं आणि मेंदू यांच्या नसांची ये-जा दोन्ही दिशांनी चालते, त्यामुळे ही काळजी कल्पनेतली नाही. तडजोड अशी झाली: आधी विचारायचं नाही, स्थिती बदलायची आणि उठायचं. टीम लीडरना ती त्यांच्या स्क्रीनवर दिसतेच.

चालू कॉलमध्ये काय करायचं हाही प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो रास्त होता. त्यासाठी एक वाक्य ठरवलं: ‘आपली माहिती तपासून घेते, एक मिनिट लाइनवर राहाल का?’ तेवढ्या मिनिटात शेजारच्या सहकाऱ्याकडे कॉल द्यायचा. वेळ अगदीच नसेल तर टीम लीडरच्या रांगेत टाकायचा. असं क्वचितच करावं लागतं, कारण पहिली कळ आणि खरी निकड यांच्यात बहुधा काही मिनिटं असतात, आणि जागा जवळ असली की तेवढ्यात कॉल संपवता येतो. ज्यांना ही फट मिळतच नाही त्यांनी शेजारचा माणूस आधीच विश्वासात घेतलेला असावा.

स्थितीचं नाव काय ठेवायचं, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर बारकाईने बोलावं लागतं. एचआरने ‘वैद्यकीय’ नावाची नवी स्थिती करून द्यायची तयारी दाखवली. भिंतीवरच्या स्क्रीनवर ती सगळ्या हॉलला दिसली असती, दिवसातून तीनदा, नावासकट. त्याऐवजी आधीपासून असलेली ‘ऑफलाइन काम’ ही स्थिती वापरायची ठरलं. ती कोणीही कधीही लावतं, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही, आणि तिला पाच मिनिटांचा लाल नियम लागू होत नव्हता. एकाच बदलाने दोन्ही अडचणी सुटल्या, तेही सिस्टिममध्ये काही नवीन न करता. मात्र या वापराला लेखी संमती हवी. नाहीतर महिन्याअखेरीस कोणीतरी ऑफलाइन वेळेचा अहवाल काढतो आणि कामचुकारपणाचा आरोप येतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्यवस्था मोडते, आणि ती कुठे मोडणार हे बरंचसं आधी सांगता येतं. नेहमीचे टीम लीडर रजेवर गेले की बदली माणसाला काहीच ठाऊक नसतं आणि दीडचं जेवण पुन्हा अडीचला जातं. यावर तोंडी आठवण चालत नाही. रोस्टरच्या फाइलमध्ये नावापुढे ‘जेवण १:१५ ते १:४५ ला सुरू, सरकवू नये’ एवढीच नोंद हवी, कारण लिहायची गरज नाही. दुसरी मोडतोड मीटिंगांची. रोस्टरमधला ब्रेक जपला जातो, पण कोणीतरी एक ते दोन प्रशिक्षण लावतो. त्यासाठी आपल्या कॅलेंडरमध्ये तो अर्धा तास रोजचा अडवून ठेवावा आणि लांब मीटिंगमध्ये दाराशी, कडेच्या खुर्चीवर बसावं. तिसरी जागेची. जिथे टेबलं ठरलेली नसतात तिथे सकाळी लवकर येणारा दाराजवळची खुर्ची पटकावतो. टेबलावर नाव किंवा ‘राखीव’ अशी पट्टी लावून घ्यावी. रोज उठून एखाद्याला उठवणं जमत नाही आणि ते आपलं कामही नाही.

टॉयलेटचीही पाहणी करून ठेवावी. जवळचं टॉयलेट सफाईसाठी रोज ठरावीक वेळी बंद राहत असेल आणि ती वेळ जेवणानंतरची असेल तर जवळची जागा मिळून उपयोग शून्य. सफाईची वेळ तासभर पुढे घ्यायची विनंती एका मेलचं काम आहे आणि ती बहुधा मान्य होते. दुसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटचा कार्डाने प्रवेश मिळवून ठेवावा, कारण एकच खोली असेल तर ती नेमकी तेव्हाच भरलेली असते. टेबलाच्या खणात एक छोटी पिशवी ठेवावी: ओले वाइप्स, बदलायचे आतले कपडे, एक बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, डॉक्टरांनी दिलेली गोळी. ती वापरावी लागतेच असं नाही, पण ती आहे हे माहीत असलं की उगाच खबरदारी म्हणून मारलेल्या खेपा कमी होतात.

त्रास वाढलेले दिवस या हिशोबात बसत नाहीत. तेव्हा पाच-सहा खेपा होतात आणि २० मिनिटांची चौकट तुटते. अशा दिवसासाठी वेगळं कलम असावं: सकाळी टीम लीडरना ‘आज फोन नको’ एवढाच निरोप, आणि त्या दिवशी लेखी तक्रारींना उत्तरं देणं, नोंदी दुरुस्त करणं असं काम. ते काम मध्येच सोडून उठता येतं, कोणी लाइनवर ताटकळत नाही. मघाशी म्हटलेली भरपाई ती हीच. महिन्यातून किती दिवस असं चालेल त्याचा आकडा ठरवावा, तीन किंवा चार, म्हणजे दोन्ही बाजू निश्चिंत राहतात. आकडा वारंवार ओलांडला जात असेल तर अडचण रोस्टरची राहिलेली नाही, उपचार पुन्हा पाहायला हवेत.

आतापर्यंतचं सगळं जुलाबाकडे कल असलेल्या आयबीएसला धरून आहे. बद्धकोष्ठतेकडे कल असेल तर मागणी जवळजवळ वेगळीच होते. तिथे जवळच्या टॉयलेटपेक्षा घाई नसलेला वेळ महत्त्वाचा. सकाळच्या नाश्त्यानंतर रिफ्लेक्सचा जोर असतो, ती संधी गेली की दिवसभर पोट साफ होत नाही आणि संध्याकाळपर्यंत फुगलेलं राहतं. अशा माणसाने शिफ्टची सुरुवात अर्ध्या तासाने पुढे मागावी किंवा सकाळच्या ब्रेकला सलग २० मिनिटं मागावीत, आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवायची परवानगी घ्यावी, कारण फोनच्या जागी बऱ्याचदा तीही नसते. दोन्ही प्रकार आलटूनपालटून होत असतील तर आधी जुलाबाच्या बाजूची सोय मागावी, ती नसली की नुकसान जास्त होतं.

सहा आठवड्यांनंतरच्या बैठकीला तीन आकडे घेऊन जावं: रोज फोनपासून दूर असलेली सरासरी मिनिटं, मध्येच सोडलेले कॉल, आणि वेळ पाळण्याची टक्केवारी. तिन्ही सिस्टिममध्येच असतात, टीम लीडरकडून आधी मागवून घ्यावेत. आकडे ठीक असतील तर ‘चालू ठेवू’ एवढ्यावर उठू नये. त्याच बैठकीत दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: व्यवस्था डॉक्टरांच्या पत्राच्या मुदतीपर्यंत लागू आहे, आणि मॅनेजर किंवा टीम बदलली तरी ती एचआरच्या नोंदीतून पुढे जाईल. नवे मॅनेजर आले की त्यांना आजार पहिल्यापासून सांगत बसायचं नाही. मंजुरीचा तो मेल पुढे पाठवायचा, खाली एकच ओळ लिहायची: ‘ही व्यवस्था सध्या लागू आहे, रोस्टरमध्ये नोंद आहे, काही बदलायचं असल्यास आधी माझ्याशी बोलावं.’ आणि पत्राची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नव्या पत्रासाठी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवायची.